चार्टमधला दीडशे ग्रॅम भात: जिमला जाणाऱ्या लेकीसाठी बापाचा स्वयंपाक

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली ही गोष्ट. आई तीन महिन्यांसाठी थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. घरी बाप, आजी आणि तालुक्याच्या जिमला जाणारी धाकटी लेक. जिमच्या सरांनी तिला मोबाइलवर जेवणाचा चार्ट दिला होता. तो बापानं कागदावर उतरवून चुलीमागच्या भिंतीला चिकटवला आणि पहिल्याच दिवशी किराणा दुकानातून तांदूळ दीडशे ग्रॅम मोजून आणला. शिजल्यावर ताट भरलं.

"बाबा, एवढा भात? मी काय दिवसभर वावरात निंदून राह्यली का?"

"तुनंच सांगतलं न व माय, दीडशे. तेवढाच मोजला."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. चार्टमध्ये लिहिलेला दीडशे ग्रॅम हा शिजलेला भात होता आणि बापानं मोजला तो कोरडा तांदूळ. दीडशे ग्रॅम तांदूळ शिजून सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भात होतो, म्हणजे ठरलेल्याच्या जवळपास तिप्पट. 190 कॅलरींच्या जागी 520. चार्ट बघून स्वयंपाक शिकणाऱ्याची पहिली चूक बहुतेक वेळा हीच असते, आणि ती तांदळापुरती राहत नाही. म्हणून खाली पदार्थांपेक्षा मोजमापाबद्दल जास्त लिहिलं आहे. वरणाला फोडणी कशी द्यायची हे गावातला कोणताही बाप चार दिवसांत शिकतो.

चार्ट आधी वाचायचा कसा

या लेकीचं वजन 58 किलो. सरांनी दिवसाला साधारण 1800 कॅलरी आणि 95 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन धरलं होतं. वजन उचलणाऱ्याला किलोमागे 1.6 ग्रॅम प्रोटीन हा नेहमीचा हिशेब आहे, त्यात हे बसतं. चार्ट असा होता:

जिमच्या आधी एक केळ. जिमहून आल्यावर तीन अंडी आणि 40 ग्रॅम ओट्स. दुपारी शिजलेला भात 150 ग्रॅम, बिनहाडाचं कच्चं चिकन 120 ग्रॅम आणि एक भाजी. चार वाजता दही 200 ग्रॅम आणि फल्लीदाणे 15 ग्रॅम. रात्री 60 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर, 40 ग्रॅम कोरड्या दाळीचं वरण, पनीर 80 ग्रॅम आणि काकडी-टमाटे. दिवसभराचं तेल 4 `tsp`.

प्रत्येक आकड्यापुढं `raw` लिहिलंय की `cooked`, हे आधी बघा. `raw` म्हणजे शिजवण्याआधीचं वजन, `cooked` म्हणजे शिजल्यावरचं. काहीच लिहिलं नसेल तर अंदाज न करता लेकीला सरांना विचारायला लावा, कारण तांदूळ-दाळ शिजल्यावर वाढतात आणि चिकन शिजल्यावर आटतं. दोन्हीकडची चूक उलट्या दिशेला जाते. उत्तर मिळालं की भिंतीवरच्या कागदावर प्रत्येक ओळीपुढं 'कोरडं' किंवा 'शिजलेलं' असं मराठीत लिहून टाका.

दुसरी जागा `tsp` आणि `tbsp` ची. मधलं एक अक्षर सोडलं तर सारखंच दिसतं. `tsp` म्हणजे 5 मिली, `tbsp` म्हणजे 15 मिली. तेलाच्या बाबतीत एकात 40 कॅलरी येतात, दुसऱ्यात 120. घरातला स्टीलचा चमचा यापैकी कोणता, हे त्याच्याकडं पाहून सांगता येत नाही. खोकल्याच्या औषधासोबत येतं ते खुणा असलेलं प्लास्टिकचं झाकण धुऊन घ्या, त्यात 5 मिली पाणी घ्या आणि ते घरच्या चमच्यात ओता. जो चमचा काठोकाठ भरेल तो तेलाच्या बरणीत कायमचा ठेवून द्या.

एक काटा आणि प्रत्येक गंजाच्या बुडाखाली एक आकडा

स्वयंपाकघराचा बॅटरीवर चालणारा काटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि पाच किलोपर्यंत झेपणारा. दुकानातला मोठा काटा यासाठी कामाचा नाही, त्याला दहा-वीस ग्रॅमचा फरक कळत नाही. नवा काटा तपासायला रिकामं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि त्यात मापानं अर्धा लिटर पाणी ओतायचं. पाचशेच्या आसपास दाखवला तर ठीक. गरम गंज थेट काट्यावर ठेवू नका, आतला भाग बिघडतो. आधी पोळपाट ठेवा, शून्य करा, मग गंज. पंख्याखाली आकडा हलत राहतो, तेवढा वेळ पंखा बंद.

आता मुख्य युक्ती. घर तिघांचं आहे. वरण एकाच गंजात शिजणार. लेकीसाठी चाळीस ग्रॅम दाळीची वेगळी कुकरची डबी लावायची तर दोन दिवसांत कंटाळा येतो आणि आजी म्हणते, "पोरगी काय बिमार हाय का?" म्हणून स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र करायचा, आणि शिजल्यावर तिचा वाटा मोजून काढायचा.

त्यासाठी घरातले नेहमीचे गंज, कढई, कुकर रिकामे असताना मोजून बुडाखाली ऑइल पेंटनं वजन लिहून ठेवायचं. या बापाचा वरणाचा गंज 410 ग्रॅमचा निघाला. त्या दिवशी तिघांची मिळून तुरीची दाळ घेतली 150 ग्रॅम. शिजवून, घोटून, फोडणी देऊन गंजासकट वजन भरलं 1310. गंजाचे 410 वजा केले, वरण उरलं 900. दीडशेचे नऊशे झाले, म्हणजे एका ग्रॅमचे सहा. लेकीची दाळ 40 ग्रॅम, तिचं वरण 240 ग्रॅम. झालं.

दुसऱ्या दिवशी आजीला पातळ हवं म्हणून पाणी जास्त पडलं आणि वरण 1200 ग्रॅम झालं. एका ग्रॅमचे आठ, लेकीचा वाटा 320. वाटीनं मोजणारे इथंच फसतात. वाटी तीच, पण पहिल्या दिवशीच्या दीडशे ग्रॅमच्या वाटीत 25 ग्रॅम दाळ होती आणि पातळ वरणाच्या वाटीत 19 ग्रॅमच. चाळीस ग्रॅम तूरदाळीतून 9 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, तर पातळ वरणाच्या एका वाटीतून चारच. रोजच्या वरणात असं घटत गेलं की चार्टवर पंचाण्णव आणि पोटात नव्वद.

'एका ग्रॅमचे किती झाले' हा एकच हिशेब सगळीकडं चालतो. भात नेहमी एकाच पाण्यात शिजवलात तर तांदळाचा आकडा फारसा हलत नाही, पावणेतीन ते तीनच्या मध्ये राहतो. दीडशे ग्रॅम भातासाठी पन्नास-पंचावन्न ग्रॅम तांदूळ पुरतो. भाकरीचं पीठ मळल्यावर सगळा गोळा मोजा: 300 ग्रॅम पिठाचा गोळा 570 भरला, तर साठ ग्रॅम पिठाची भाकर 114 ग्रॅमच्या गोळ्याची. तव्यावर गेल्यावर पाणी उडतं, म्हणून भाकर थापण्याआधी मोजायची, भाजल्यावर नाही. दोन-चार ग्रॅम इकडंतिकडं झालं तर जीव काढायचा नाही. तेल, दाणे आणि पनीर यांत मात्र ढिलाई नको, तिथं ग्रॅममागं कॅलरी जास्त असतात.

चिकन: हाड, आटणं आणि तर्री

चिकनच्या ओळीत तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला हाडाचा. चार्टमधले 120 ग्रॅम बिनहाडाचे आहेत. रस्स्याला घेतो त्या हाडासकटच्या तुकड्यांतून तेवढं मांस काढायचं तर 180 ग्रॅमच्या आसपास घ्यावं लागतं. दुसरा आटण्याचा: 120 ग्रॅम कच्चं चिकन शिजून 85 ते 90 भरतं. शिजल्यावर 120 मोजलंत तर तुम्ही तिला कच्चं 160-170 दिलं.

तिसरा, एकाच रस्स्यातून लेकीचे तुकडे ओळखण्याचा. त्यावर या बापानं शोधलेला उपाय साधा होता. चिकनवाल्याकडून छातीचा एक भाग वेगळा घ्यायचा, घरी 120 ग्रॅम मोजायचा आणि त्याचे लांबट, बोटाएवढे तुकडे करायचे. बाकीच्यांचे तुकडे नेहमीसारखे हाडाचे. सगळं एकाच रस्स्यात शिजतं, पण लेकीचे सहा तुकडे दिसूनच येतात, मोजत बसावं लागत नाही. फक्त एकत्र टाकू नका. छातीच्या मांसात चरबी कमी असते, ते हाडाच्या तुकड्यांइतका वेळ शिजलं की दोऱ्यासारखं कोरडं होतं. हाडाचे तुकडे मऊ होत आले की मग लांबट तुकडे टाका आणि झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं उकळू द्या. सर्वात जाड तुकडा मधून कापून बघा. आत गुलाबी नसावं, निघणारं पाणी स्वच्छ असावं. गावरान कोंबडी असेल तर बाकीचे तुकडे आधी बराच वेळ शिजवून घ्यावे लागतात, घाई करू नका.

राहिली तर्री. आपल्याकडचा रस्सा तेलावर उभा असतो, आणि तिघांच्या रस्स्याला अर्धी वाटी तेल सहज जातं. अर्ध्या वाटीत साधारण 75 मिली, म्हणजे सहाशे कॅलरी. चार चमच्यांत रस्सा करायचा असेल तर कांदा तेलात तळून चालत नाही. दोन मोठे कांदे चिरण्याआधी सालासकट निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजा, वरचं काळं काढा, त्यांच्यासोबत लसूण, आलं आणि सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या वाटा. कढईत 5 मिलीचे चार चमचे तेल, त्यात गरम मसाला आणि तिखट टाकून लगेच वाटण. तेल कमी असलं की तिखट दहा सेकंदांत जळतं आणि रस्सा कडू होतो, म्हणून वाटण हाताशी तयार हवं. खाली धरायला लागलं की तेल न ओतता दोन चमचे पाणी शिंपडा, सराट्यानं खरवडा, पुन्हा परता. असं तीन-चार वेळा केलं की वाटणाचा कच्चा वास जातो आणि कडेला थोडं तेल दिसतं.

खोबरं आणि खसखस हे मसाले नाहीत, चरबीच्या वस्तू आहेत. शंभर ग्रॅम सुक्या खोबऱ्यात साडेसहाशेवर कॅलरी असतात. अर्धा किलो चिकनला पंधरा ग्रॅम पुरे, दाटपणासाठी हवं तर एक चमचा भाजलेलं बेसन लावा. आणि वाढताना लेकीचा रस्सा पळीनं वरची तर्री बाजूला सारून खालून काढा. वरची तर्री बापाच्या ताटात गेली तरी चालेल, त्याच्या चार्टमध्ये काही लिहिलेलं नाही.

चिकन नसलेले दिवस

सोमवार, शनिवार, एकादशी, श्रावण, आणि ज्या दिवशी गावात कोणी कोंबडी कापतच नाही तो दिवस. चार्ट पाळायचा तर आठवड्यातले निम्मे दिवस तरी दुसरी सोय लागते. 120 ग्रॅम चिकनमधून 27 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन येतं. त्याच्या जागी सर्वात स्वस्त सोय म्हणजे सोयाबीनच्या वड्या. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत जवळपास 26 ग्रॅम.

इथंही तोच घोटाळा: पन्नास ग्रॅम भिजलेल्या नव्हेत, कोरड्या. वडी पाणी पिऊन तिप्पट होते. भिजवून मोजणारा माणूस लेकीला सतरा ग्रॅम वड्या देतो आणि प्रोटीन 9 ग्रॅमवर येतं.

पन्नास ग्रॅम वड्या अर्धा लिटर उकळत्या पाण्यात चमचाभर मीठ टाकून पाच-सात मिनिटं उकळा. गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. गाळा, थंड पाण्यात टाका, मुठीत धरून घट्ट पिळा. पुन्हा पाण्यात टाकून पुन्हा पिळा. पहिलं पिळलेलं पाणी पिवळसर आणि फेसाळ निघतं, दुसरं जवळपास स्वच्छ. 'सोयाबीनचा वास येते' ही तक्रार बहुतेक या दुसऱ्या पिळण्याच्या आळसातून आलेली असते. मग दोन चमचे दही, आलं-लसूण, हळद, तिखट लावून अर्धा तास ठेवा आणि वरच्याच कमी तेलाच्या रस्स्यात आठ-दहा मिनिटं शिजवा. न पिळलेली वडी रस्सा पीत नाही, आत पाणीच राहतं.

घरात सोयाबीनचं पोतं उभं असताना वड्या विकत का आणायच्या, असा प्रश्न या बापालाही पडला. अख्खं सोयाबीन खाता येतं, पण त्याचं कच्चं पीठ करून दुधात कालवू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, पोट फुगतं. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात कुकरला बारीक आचेवर वीस-पंचवीस मिनिटं लावा, दाणा बोटात सहज दबला पाहिजे. चाळीस ग्रॅम कोरड्या दाण्यात 14 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, पण वडीतलं तेल काढलेलं असतं तसं यातलं नसतं. त्यामुळं चाळीस ग्रॅममागं आठ ग्रॅम चरबी धरा आणि त्या भाजीत फोडणीचं तेल घालू नका. आणि पेरणीसाठी आणलेल्या, रंग लावलेल्या बियाण्याच्या पिशवीतलं उरलेलं सोयाबीन कधीही शिजवू नका. त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक असतं, धुऊन ते जात नाही. ती पिशवी स्वयंपाकघरात यायलाच नको.

ओट्स आणि पनीर घरातून

ओट्स तालुक्याला मिळतात, पण चाळीस ग्रॅम ओट्सच्या जागी चाळीस ग्रॅम ज्वारीच्या कण्या घेतल्या तर कॅलरी थोड्या कमी आणि प्रोटीन जेमतेम एका ग्रॅमनं कमी, एवढाच फरक. ज्वारी जाडसर दळून आणा, पीठ चाळून वेगळं करा. रात्री कण्या भिजवा, सकाळी पाचपट पाण्यात मीठ घालून शिजवा, कोमट झाल्यावर ताक, जिरं, हिरवी मिरची. गरम कण्यांत ताक ओतलं तर फाटतं.

पनीर अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून शंभर ग्रॅमच्या आसपास निघतं. दूध उकळलं की गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, लिंबाच्या रसात तेवढंच पाणी मिसळून चमच्याचमच्यानं घाला आणि हिरवट पाणी सुटलं की थांबा. फडक्यात बांधून अर्धा तास वरवंट्याखाली दाबा. कमी दाबलेलं पनीर काट्यावर जड भरतं, पण ते वजन पाण्याचं असतं. निथळलेलं पाणी भाकरीच्या पिठात वापरा.

काही बिघडलं तर कळतं कसं

लेकीचं वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्या-उठल्या घ्या. एका दिवसात अर्धा-एक किलो वरखाली होणं पाण्यानं आणि मिठानंही होतं. तीन आठवडे सलग वजन चढत असेल आणि चार्टमध्ये ते अपेक्षित नसेल, तर आधी तेलाची बरणी तपासा. महिन्याच्या सुरुवातीला बरणी मोजून ठेवायची आणि संपल्यावर दिवसांनी भागायचं. या घरात एक लिटर तेल सव्वीस दिवसांत संपलं, म्हणजे तिघांत रोज 38 मिली. समान वाटलं तर लेकीच्या वाट्याला तेरा, चार्टच्या वीस मिलीच्या आतच. तेल ठीक होतं. गडबड फल्लीदाण्यांच्या डब्यात निघाली. चार वाजताची पंधरा ग्रॅमची मूठ बाप स्वतःच्या हातानं द्यायचा, आणि वावरात राबलेल्या हाताची मूठ काट्यावर 42 ग्रॅम भरली. दिडशे कॅलरी रोजच्या जास्त.

उलट लेक दिवसभर थकलेली राहत असेल, पाळी चुकत असेल किंवा जिममधलं वजन उचलणं कमी होत असेल, तर चार्ट तिला कमी पडतोय. ते स्वयंपाकानं सुधारत नाही, सरांशी आणि डॉक्टरांशी बोलावं लागतं. किडनीचा त्रास असलेल्यानं इतक्या प्रोटीनचा चार्ट डॉक्टरांना न दाखवता सुरूच करू नये.

एप्रिल लागल्यावर

लेक दुपारचा डबा कॉलेजात नेते. थंडीत सकाळी सातला भरलेला चिकनचा डबा बारापर्यंत टिकल्यासारखा वाटतो, तरी दोन तासांच्या वर शिजलेलं मांस किंवा अंडं बाहेर ठेवणं बरं नाही. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाकडं जातो, तेव्हा तासाभरातच ते धोक्याचं होतं, वास यायची वाट बघत बसता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात दोन जेवणांची अदलाबदल करायची. चिकन किंवा वड्यांचा रस्सा रात्री घरी, आणि डब्यात रात्रीची भाकर, सोबत 60 ग्रॅम बेसनाचा कोरडा झुणका. झुणक्यातून 13 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, जवळपास रात्रीच्या पनीरइतकंच, पण बेसन पाणी सुटेपर्यंत ओलं ठेवू नका, मोकळं होईस्तोवर परता. दोन चमचे तेलात तो होतो, कांदा भरपूर घेतला तर. रात्रीचं वरण घरीच राहतं आणि भात दुपारऐवजी त्याच्यासोबत जातो. पनीर त्या दिवशी गळतं, झुणका त्याची जागा घेतो. दही डब्यात द्यायचंच असेल तर रात्री विरजण लावून पहाटे थंड पाण्याच्या माठाजवळ ठेवा, छोट्या वेगळ्या डबीत भरा आणि चार वाजेपर्यंत न थांबता कॉलेजात पोचल्या-पोचल्या खायला सांगा.